फ्रीझरातली बाजरी

*काकू, आम्ही सहा वर्षांपासून कॅलगरीत राहतो. घरात आम्ही दोघं, ११ वर्षांची मुलगी, ६ वर्षांचा मुलगा, आणि या हिवाळ्यात सासूबाई आल्या आहेत. त्यांचं वय ६८, मधुमेहाची गोळी चालू आहे. मी ३७ वर्षांची, मूळची साताऱ्याची. थंडीत घरच्यासारखं जेवायचं म्हणून बाजरीची भाकरी, काहीतरी गरम प्यायला आणि शेवटी तीळगूळ असा बेत ठरवला, पण सगळंच बिघडतंय. पीठ कडू होतं म्हणून फ्रीझरमध्ये ठेवायला लागले, तर आता भाकरी थापताना कडा फाटतात आणि जेवायला बसेपर्यंत तिचं चामडं होतं. काचेच्या शेगडीवर ती फुगतही नाही. गेल्या संक्रांतीला वड्या दगड झाल्या. परवा मुलाच्या नाकातून रक्त आलं, तर सासूबाई म्हणाल्या, बाजरी उष्ण पडली. गुळाने मात्र साखर वाढत नाही, असं त्याच म्हणतात! मी साडेपाचला घरी पोचते. आठवडाभर निभेल असं काही सांगाल का?*
*— एक वाचक, कॅलगरी*

लेकीच्या वयाची आहेस, म्हणून तुला तूच म्हणते.

पीठ फ्रीझरमध्ये ठेवलंस ते अगदी बरोबर केलंस, आणि भाकरी फाटतेय ती त्या फ्रीझरमुळेच. आधी कडूपणाचं सांगते. बाजरीत तेलाचा अंश गहू-तांदळापेक्षा बराच जास्त, शंभर ग्रॅमला साधारण पाच ग्रॅम. दाणा अखंड असतो तोवर ते तेल आत गुपचूप बसलेलं असतं. दळलं की ते दाण्यातल्याच पाचक द्रव्यांच्या तावडीत सापडतं आणि काही दिवसांतच पीठ खवट होऊ लागतं. म्हणून तर आमच्या पारनेरकडे ज्वारीचं दळण पंधरा दिवसांचं आणलं तरी बाजरीचं आठवड्याचंच आणायचे. तुला दुकानात मिळणारं पाकीट दळून किती महिने झाले असतील कोण जाणे. ते घरी आणल्यावर फ्रीझरमध्ये ठेवलंस तर कडूपणा आहे तिथे थांबेल, मागे फिरणार नाही. तेव्हा पाकीट उघडल्या उघडल्या चिमूटभर पीठ जिभेवर ठेव आणि अर्धा मिनिट थांब. बाजरीची चव आधी गोडसर लागते. मागाहून घशाशी कडवट धरलं तर ते पीठ गेलं असं समज. त्याची भाकरी कितीही मायेने थापलीस तरी मुलं बाजूलाच सारणार.

त्यापेक्षा अख्खी बाजरी आण. भारतीय दुकानात ती पिठाच्याच शेजारी असते आणि महिनोन्‌महिने टिकते. निवडून, रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून सकाळी मिक्सरमध्ये वाटी-वाटीने दळ. दाणा गार असला की मिक्सरच्या पात्याने पीठ तापत नाही, हा त्यातला फायदा. बारीक चाळणीने चाळ आणि वर राहिलेली कणी पुन्हा फिरव. पीठ गिरणीइतकं मऊ होणार नाही, पण भाकरीला पुरतं. एका वेळी आठवड्याचंच, म्हणजे पाऊण-एक किलो कर, आणि घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रीझरमध्ये टाक.

आता फाटण्याकडे येऊ. बाजरीत गव्हासारखा चिवटपणा नसतो. तिला धरून ठेवतो तो गरम पाण्याने फुगलेला स्टार्च, आणि तो फुगायला लागतो ६० ते ७० अंशांच्या दरम्यान. तू बहुतेक डब्यातून पीठ काढतेस, परातीत घेतेस आणि किटलीतलं पाणी ओततेस. हिशेब करून बघ. पीठ उणे १८ अंशांचं, पाणी ओतेपर्यंत ८० वर आलेलं. दोन्ही मिसळल्यावर गोळा जेमतेम ४८ अंशांचा होतो. त्यात स्टीलची परात गारेगार दगडी ओट्यावर ठेवलेली असली तर तीही ऊब ओढून घेते. स्टार्च फुगतच नाही, नुसतं ओलं पीठ हाताला लागतं, आणि तू तळहाताने कितीही रगडलंस तरी कडा फाटणारच. हेच पीठ घरातल्या उबेला आलेलं असलं आणि पाणी खळखळतं घातलं, तर गोळा सत्तरपर्यंत जातो. भाकरी धरायला एवढंच हवं. त्यातून तुमचं गाव समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर. पाणी तिथे ९६-९७ अंशांनाच उकळतं. म्हणजे हातात आधीच थोडी कमी ऊब असते, आणि वाया घालवायला तर अजिबात नसते.

तेव्हा सकाळी डबा भरतानाच पिठाचा डबा फ्रीझरमधून काढून ओट्यावर ठेव. झाकण मात्र उघडू नकोस, नाहीतर गार पिठाला दव सुटतं आणि गुठळ्या होतात. संध्याकाळी घरी येशील तेव्हा ते नीट उबेला आलेलं असेल.

आणि सातारची असलीस तरी हिवाळ्यापुरती उकड काढ. आमच्याकडच्या म्हाताऱ्या याला आळशी बायकांची भाकरी म्हणायच्या. म्हणू देत. दोन वाट्या पिठाला त्याच वाटीने सव्वा वाटी पाणी मीठ घालून उकळायला ठेव. खळखळ उकळलं की आच बंद करायच्या आधी पीठ एकदम लोट, उलथन्याच्या दांड्याने दोन-चार वेळा ढवळ, झाकण घाल आणि मग बंद कर. पाच-सात मिनिटं वाफेत राहू दे. परातीत काढल्यावर हाताला सोसेल इतक्या गरमपणी पाण्याचा हात लावत मळ. लाकडी काठवट असेल तर तीच घे, लाकूड ऊब ओढत नाही. नसेल तर परातीत आधी गरम पाणी घालून दोन मिनिटं ठेव आणि मग ओतून दे. यात मध्यम चार भाकरी होतात. गोळा बोटाने दाबलास आणि कडेला भेग पडली नाही, म्हणजे जमलं. भेग पडली तर पाण्याचा हात लावून आणखी दोन मिनिटं मळ, कोरडं पीठ घालू नकोस. उकडीचा दुसरा फायदा असा, की ही भाकरी दुसऱ्या दिवशी मुलीच्या डब्यातही मऊ राहते. साध्या पाण्याच्या भाकरीची जी खरपूस, किंचित गोड चव असते ती थोडी कमी होते, हे मात्र खरं. रविवारी निवांत असशील तेव्हा ती कर.

उकडीचे बाकीचे गोळे थापेपर्यंत ओल्या फडक्याखाली ठेव. तुझ्या घरातली हवा इतकी कोरडी आहे, की दुसरी भाकरी थापेस्तोवर तिसऱ्या गोळ्याला साय धरते. फाटण्याचं तेही एक कारण आहे.

काचेच्या शेगडीवर जाळ नाही, तर फुगवायची कशी? लोखंडी तवा मध्यमाहून थोड्या जास्त आचेवर चार मिनिटं तापव. पाण्याचा थेंब टाकला तर तो नाचत पळाला पाहिजे. भाकरी पिठाची बाजू वर ठेवून टाक आणि लगेच वरून पाण्याचा हात फिरव. आता डोळा ठेवायचा तो या पाण्यावर. ते दिसेनासं झालं, पण बाजू अजून ओलसर आहे, अशा वेळी उलटायची. लवकर उलटलीस तर चिकटते, पूर्ण सुकू दिलीस तर पापुद्रा तडकतो, आणि मग वाफ त्या तडीतून निसटते आणि भाकरी फुगत नाही. दुसरी बाजू सावकाश, ठिपके पडेपर्यंत भाजून घे. मग पुन्हा उलट आणि सुती फडक्याची घडी करून कडेकडेने दाब. एका बाजूला दाबलंस की वाफ दुसरीकडे धावते आणि पदर सुटतो. ओव्हनचा वरचा ब्रॉयलर आधी तापवून ठेवलास तर शेवटचं उलटणं टाळून भाकरी जाळीवर ठेवून अर्धा मिनिट आत सरकवता येते, टम्म फुगते. पण दारापाशीच उभी राहा, पाऊण मिनिटात कोळसा होतो. आणि प्रत्येक भाकरीनंतर तव्यावरचं जळकं पीठ फडक्याने पुसून घे. मी लेकीकडे मिनियापोलिसला पहिल्यांदा भाकऱ्या केल्या, तेव्हा ते पुसलं नाही. धुराची घंटा अशी किंचाळली, की जावई टॉवेल हलवत छताखाली नाचत होते आणि नातवंडं टाळ्या वाजवत होती.

आता नाकातलं रक्त. सासूबाईंचं म्हणणं त्यांच्या अनुभवातून आलेलं आहे, त्याला हसू नकोस. आपल्याकडे उन्हाळ्यात बाजरी जड पडते असंच सगळे म्हणतात. पण बाहेर उणे पंचवीस असताना भट्टीवर तापवलेली घरातली हवा वाळवंटासारखी कोरडी असते. मुलांच्या नाकातली नाजूक त्वचा सुकून तडकते आणि रक्त येतं. तुमच्याकडे चिनूक वारा सुटला की एका दिवसात पारा वीस-वीस अंश चढतो, तो वाराही कोरडाच. तेव्हा रात्री त्याच्या खोलीत पाण्याची वाफ सोडणारं यंत्र लाव, झोपताना नाकपुडीच्या कडेला व्हॅसलिनचं बोट फिरव, आणि पुन्हा पुन्हा आलं, किंवा नाक दाबून धरूनही दहा-पंधरा मिनिटांत थांबलं नाही, तर डॉक्टरांना दाखव. बाजरी बंद करायचं कारण नाही. चिनूकच्या दिवशी सासूबाईंच्या समाधानासाठी ज्वारीची भाकरी कर, घरात शांतता राहील.

त्या कोरड्या हवेवरचा जेवणातला उपाय म्हणजे वाटीतलं पातळ. भाकरी हा कोरडा पदार्थ, आणि थंडीत तहान लागत नाही म्हणून मुलं दिवसभर पाणी पीत नाहीत. म्हणून जेवण भाकरीपासून सुरू करू नकोस. ताटं मांडायच्या आधी प्रत्येकाच्या हातात वाटी दे. तुमच्याकडे डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो. घरी येणारी मुलं त्या वेळी भुकेने कावलेली असतात आणि चिप्सच्या पिशवीत हात घालतात. वाटी तयार असली की तो हात थांबतो.

माझं ऐकशील तर पाच प्रकारचे सूप करत बसू नकोस. हुलगे आण. हॉर्स ग्रॅम किंवा कुळथी अशा नावाने मिळतील. निवडून घे, हुलग्यात खडे हमखास निघतात. रविवारी दोन वाट्या रात्रभर भिजवलेले हुलगे दहा वाट्या पाण्यात, थोडी हळद घालून कुकरला लाव. पुण्यात मी सहा शिट्ट्या करते. तू आठ कर आणि मग बारीक आचेवर दहा मिनिटं ठेव. दाणा बोटात चुरडला पाहिजे. वरचं तपकिरी पाणी गाळून घे, हा कट. साताठ वाट्या निघतो. तुपात जिरं, हिंग आणि ठेचलेला भरपूर लसूण लाल करून त्यावर कट ओत. दोन आमसुलं, मीठ, सुपारीएवढा गूळ. एक उकळी आली की कढण तयार. हे थर्मासमध्ये सहा तास गरम राहतं, तुझ्या ऑफिसात आणि मुलीच्या शाळेत जातं. खाली राहिलेल्या हुलग्यांची सोमवारी कांदा-खोबरं घालून उसळ कर. एका कुकरात दोन दिवस निघाले.

मुलगा कदाचित त्या वासाला नाक मुरडेल. सहा वर्षांच्या पोराला हुलगा उग्र वाटतो. त्याच्यासाठी पहिले काही दिवस अर्धा कट आणि अर्धं मुगाच्या डाळीचं पाणी मिसळ, वर तुपाचा थेंब टाक.

मंगळवारी शेंगोळे. हे माझ्या माहेरचं थंडीतलं जेवण, आणि तुझ्या मुलांना शंभर टक्के आवडेल, कारण नूडल्स आणि सूप एकाच पातेल्यात. थोडे हुलगे कोरडेच वास सुटेपर्यंत भाजून मिक्सरमध्ये दळून ठेव. हे पीठही फ्रीझरमध्ये राहतं. चौघा-पाचांना दोन वाट्या हुलग्याचं पीठ, अर्धी वाटी कणीक, आठ-दहा लसूण पाकळ्या, जिरं आणि हिरवी मिरची वाटून, हळद, मीठ, चमचाभर तेल. घट्ट मळ, पुरीच्या कणकेपेक्षाही घट्ट. तेलाच्या हाताने पेन्सिलीएवढ्या जाड वळ्या वळ आणि टोकं जोडून कडी कर. वळायचं काम मुलांना दे, वाकडंतिकडं झालं तरी पोटात सरळच जातं. पातेल्यात तेलाची फोडणी, पुन्हा थोडा लसूण, तिखट, त्यावर आठ वाट्या पाणी आणि मीठ. पाणी खळखळ उकळायला लागलं की एकेक शेंगोळं सोड.

इथे दोन चुका हमखास होतात. पाणी नुसतं गरम असताना सोडलं तर शेंगोळे विरघळून पिठलं होतं. आणि सोडल्या सोडल्या डाव घातला तर ते मोडतात. पहिली सहा-सात मिनिटं हात लावायचा नाही. मग अर्धवट झाकून मध्यम आचेवर शिजू दे. माझ्याकडे वीस मिनिटं लागतात, तुझं पाणी कमी तापमानाला उकळतं, तेव्हा तीस धर. एक काढून मोड. आत फिकट, पिठूळ गाभा दिसला तर आणखी शिजव. सुटलेल्या पिठाने रस्सा आपोआप दाट होतो, वेगळं काही लावायचं नाही. त्या रश्शात बाजरीची भाकरी कुस्करली की तोंडी लावायला कांदा पुरे.

साडेपाचला घरी आल्यावर हे कसं बसवायचं? आल्या आल्या फोडणी करून पाणी चढव. ते उकळेपर्यंत शेंगोळ्याचं पीठ मळून वळून होतं, कारण मुलांचे चार हात मदतीला आहेत, आणि सासूबाईही बसल्या बसल्या वळतील, त्यांना काम दिलंस तर बरंच वाटेल. सहाला शेंगोळे पातेल्यात. लगेच बाजरीची उकड काढून झाकून ठेव. शेंगोळे शिजताहेत तोवर चार भाकऱ्या होतात, आणि साडेसहाला तव्यावरची शेवटची भाकरी थेट ताटात पडते. भाकऱ्या आधी करून ठेवायच्या असतील तर सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेव, उघड्यावर तिथे पाच मिनिटंही टिकत नाही. तुझ्या भाकरीचं चामडं तिथेच होतंय.

आठवड्यातले बाकीचे दिवस मी बांधून देत नाही. बुधवारी उरलेलं कढण आणि ज्वारीची भाकरी, गुरुवारी बाहेरून पिझ्झा आणलास तरी माझी हरकत नाही. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, म्हणजे बहुतेक वर्षी तेरा जानेवारीला, भोगी असते, त्या दिवशी मात्र बाजरीच्या भाकरीवर तीळ थाप आणि मिसळीची भाजी कर. ओला हरभरा आणि पावटा फ्रोझन मिळतो, गाजर-वांगं तिथे आहेच. न खाई भोगी तो सदा रोगी, हे सासूबाईंना म्हणून दाखव, खूष होतील.

वड्यांच्या दगडाचं कारण पातेल्यात आहे की ताटात, ते पत्रावरून सांगता येत नाही, म्हणून दोन्ही सांगते. पहिला संशय गुळावर. चिक्कीचा गूळ आणलास तर वडी कडकच होणार, तो त्याचसाठी असतो. पाकिटावर चिक्की लिहिलेलं नको, साधा मऊ गूळ घे. दुसरा संशय पाकावर. इंटरनेटवर बघून थर्मामीटर लावला असलास, तर तो तुझ्या गावात खोटं बोलतो. मिनियापोलिस सखल आहे, तिथे मला मऊ गोळीचा पाक ११४ अंशांवर मिळाला. तुझ्याकडे पाणी अडीच-तीन अंश आधीच उकळतं, म्हणून तोच पाक १११ च्या सुमाराला होऊन जातो. ११४ ची वाट बघत राहिलीस की पाक पुढे गेला. थर्मामीटर ठेवून दे आणि वाटीत गार पाणी घे. पाकाचा थेंब टाक आणि बोटांनी गोळा करून बघ. मऊ गोळी झाली, दाबल्यावर चपटी झाली, की आच बंद. थेंब वाटीच्या कडेवर आपटून टण्‌ वाजला तर ती चिक्की झाली.

पाव किलो तीळ मध्यम आचेवर तडतडून फुगीर होईपर्यंत भाज, अर्धे जाडसर कूट. अर्धी वाटी शेंगदाण्याचं कूट आणि वेलची मिसळून जवळ ठेव. पाव किलो गूळ किसून दोन चमचे पाणी आणि एक चमचा तूप घालून वितळव. फेस आला की दर अर्ध्या मिनिटाने थेंब तपास. गोळी झाली की खाली उतरवून तीळ घाल, भराभर ढवळ आणि तूप लावलेल्या ताटात थाप. हे ताट गरम हवं. आधी दहा मिनिटं मंद ओव्हनमध्ये ठेव आणि ओट्यावर काढताना खाली जाड टॉवेल घाल. तुझ्या गार दगडी ओट्यावर वडीचा तळ अर्ध्या मिनिटात गोठतो आणि वरचं थापलंच जात नाही. मग आपण जोर लावतो आणि वडी आणखी घट्ट बसते. लगेच सुरीने आडव्या-उभ्या रेघा मार, चाळीस वड्या पाड. सोडवायच्या गार झाल्यावर.

गूळपोळी या वर्षी सोड. ती नव्या शेगडीवर पहिल्याच वर्षी जमत नाही. गूळ बाहेर येतो, तव्यावर जळतो, आणि पुन्हा ती घंटा.

गुळाने साखर वाढत नाही, हे चूक आहे. गुळात बहुतांश साखरच असते, रंग आणि थोडी खनिजं सोडली तर मधुमेह्याला त्यात वेगळं काही मिळत नाही. पण चाळीसात पाव किलो गूळ वाटला गेला, म्हणजे एका वडीत सहा ग्रॅम, म्हणजे दीड चमचा साखर. हा हिशेब त्यांच्यासमोर मांड. एक वडी, जेवणाच्या शेवटी, कढण आणि भाकरी पोटात गेल्यावर, आणि त्या दिवशी कढणातला गूळ वगळून. भाकरीही त्यांना एकच, कारण बाजरीनेही साखर वाढतेच. घरी साखर मोजायचं यंत्र असेल तर जेवणानंतर दोन तासांनी एकदा वडी खाल्लेल्या दिवशी आणि एकदा न खाल्लेल्या दिवशी मोजा. वादापेक्षा तो आकडा त्यांना लवकर पटेल, आणि तिथल्या डॉक्टरांनाही दाखवता येईल. डबा मात्र उंच फडताळात ठेव. सासूबाईंसाठी म्हणत नाही, माझ्याच घरात तो मला ठेवावा लागतो.

आणि गेल्या वर्षीचे दगड अजून कुठे डब्यात पडले असतील तर टाकू नकोस. वास घेऊन बघ. तीळ खवट लागत नसतील तर बत्त्याने फोड, कढईत दोन चमचे पाण्यावर झाकण ठेवून अगदी मंद आचेवर पाच मिनिटं सैल होऊ दे, आणि तुपाचा हात लावून गरम असतानाच छोटे लाडू वळ. नाही वळले तर तो चुरा सकाळी मुलांच्या ओट्सवर घाल.